बेक्ड पास्ता: वरचे चीज फिकटच राहते आणि आतला सॉस आटतो, असे का होते?

व्हाइट सॉसमधला पास्ता, त्यावर किसलेल्या चीजचा थर आणि त्या थराला आलेला खरपूस तांबूस रंग, अशी ज्या पदार्थाकडून अपेक्षा असते त्या पास्ता ग्रॅटिनची घरच्या ओटीजीमध्ये एक ठरावीक फजिती होते. भांडे १८० अंशांवर पाऊण तास ठेवले तरी चीज नुसते वितळून फिकट पिवळे राहते. रंग येईल या आशेने आणखी दहा-पंधरा मिनिटे दिली, तर आतला सॉस पास्त्यात जिरून जातो, कडेने तेल सुटते आणि वाढताना सरसरीत पास्त्याऐवजी कोरड्या, दाणेदार वड्या निघतात. पुढच्या वेळी तापमान थेट २३० अंशांवर नेले, तर वर काळ्या रेघा उमटतात आणि मधला घास मात्र कोमट लागतो. नागपुरात आमच्या ओळखीच्या घरांमध्ये ही तक्रार इतक्यांदा ऐकू येते की तिची कारणे एकदा नीट मांडून ठेवणे बरे.

या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा कृतीत किंवा चीजच्या दर्जात नसते. ओव्हनकडून आपण एकाच वेळी दोन वेगळी कामे करून घेऊ पाहतो, तिथे घोळ होतो. पास्ता उकडलेला असतो आणि सॉस शिजलेला असतो, त्यामुळे ओव्हनला शिजवण्याचे काम फारसे उरतच नाही. उरतात ती दोन कामे: भांड्याचा मध्यभाग गरम करणे आणि वरच्या थराला रंग आणणे. पहिल्या कामाला मध्यम आच आणि पुरेसा वेळ लागतो. दुसऱ्याला प्रखर आच लागते, पण वेळ जेमतेम चार-सहा मिनिटांचा. दोन्हींसाठी एकच तापमान आणि एकच वेळ ठरवली, की एक काम साधते आणि दुसरे बिघडते. यावर तापमान कमी-जास्त करून पाहणे हा उपाय नव्हे. दोन कामांचे दोन टप्पे करणे, पहिला टप्पा लवकर संपेल एवढे उथळ भांडे घेणे आणि दुसऱ्या टप्प्यात वरचा रॉड खरोखर लाल ठेवणे, या तीन गोष्टी साधल्या की बहुतेक तक्रारी मिटतात.

रंग येत नाही म्हणजे नेमके काय घडत असते?

चीजला जो तांबूस रंग आणि खमंग वास येतो, तो त्यातील प्रथिने आणि दुधातील साखर यांच्यात होणाऱ्या रासायनिक क्रियेमुळे. ही क्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे जोर धरते. पण चीजचा पृष्ठभाग ओला आहे तोवर त्याचे तापमान १०० अंशांच्या आसपासच अडकून राहते, कारण मिळालेली उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते. शिमला मिरची, मशरूम किंवा फ्रीझरमधले मक्याचे दाणे न परतता घातले असतील, तर खालून वाफ येतच राहते आणि वरचा थर कोरडा होऊ शकत नाही. ही स्थिती काचेच्या दारातूनही ओळखता येते. चीज चकचकीत, ओलसर दिसते आणि त्यावर बारीक पांढरे बुडबुडे उठत असतात, पण रंगाचा पत्ता नसतो. म्हणून भाज्या आधी मोठ्या आचेवर परतून त्यांचे पाणी आटवून घ्यावे आणि पास्ताही चाळणीत पूर्ण निथळू द्यावा.

पृष्ठभाग कोरडा झाल्यावर त्याला १४० अंशांच्या पलीकडे झटपट नेण्याचे काम ओव्हनमधली गरम हवा फार सावकाश करते. ते काम मुख्यतः लाल झालेल्या रॉडमधून थेट येणारी धग करते. निखाऱ्यावर पापड भाजताना हात किती उंच धरला यावर सारे अवलंबून असते, तसेच इथेही चीज आणि रॉड यांच्यातले अंतर महत्त्वाचे ठरते. माझ्या अनुभवात २५ ते ३० लिटरच्या ओटीजीमध्ये चीजचा पृष्ठभाग वरच्या रॉडपासून ६ ते ८ सेंटिमीटर खाली असावा. अंतर याहून बरेच कमी असेल, तर रॉडच्या बरोबर खाली काळ्या रेघा उमटतात आणि दोन रेघांच्या मधली जागा फिकट राहते. असे पट्टे दिसले, तर चीज बदलण्याची गरज नाही, जाळी एक खाच खाली न्यावी. अंतर १२-१४ सेंटिमीटर झाले, तर रंग येईपर्यंत सॉस आटून जातो.

भांड्याची खोली

या विषयात सर्वांत कमी लक्ष जिथे जाते आणि सर्वांत जास्त नुकसान जिथे होते, ती गोष्ट म्हणजे भांड्याची खोली. धरमपेठेत राहणाऱ्या माझ्या भाचीचे उदाहरण घेतो, कारण त्यात सगळेच प्रश्न एकत्र आले होते. तिने २५० ग्रॅम पेने पास्ता, ७५० मिलिलिटर दूध, ४० ग्रॅम लोणी आणि ४० ग्रॅम मैदा यांचा सॉस, मक्याचे दाणे आणि शिमला मिरची असे मिश्रण दुपारीच करून ठेवले होते. प्रमाण चोख होते. हे सगळे तिने काचेच्या गोल, खोल भांड्यात भरले, फ्रीजमध्ये ठेवले आणि संध्याकाळी पाहुणे येण्याच्या सुमारास वर चीज घालून ते १८० अंशांवर ओटीजीच्या खालच्या जाळीवर ठेवले. पाऊण तासाने तिचा फोन आला, "मामा, चीज पांढरंच आहे. अजून दहा मिनिटं ठेवू का?" आतला पास्ता काट्याने उकरून पाहायला सांगितले, तर कडेचा भाग कोरडा पडला होता आणि मध्यभाग अजून धड गरम झाला नव्हता.

हिशेब साधा आहे. एवढ्या साहित्याचे एकूण आकारमान सुमारे १.६ लिटर, म्हणजे १६०० घनसेंटिमीटर होते. तिच्या भांड्याचा आतला व्यास १६ सेंटिमीटर, म्हणजे तळाचे क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर. त्यात पास्त्याची उंची ८ सेंटिमीटर झाली. तेच मिश्रण २० सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी टिनमध्ये भरले, तर क्षेत्रफळ ४०० चौरस सेंटिमीटर आणि उंची फक्त ४ सेंटिमीटर. उंची निम्मी झाली म्हणजे वेळही निम्मा, असे मात्र नाही. सॉसमध्ये रुतलेला पास्ता ढवळला जात नाही, त्यात उष्णता कडेकडून आत हळूहळू झिरपते आणि अशा वेळी थर दुप्पट जाड झाला की मध्यभाग तापायला साधारण चौपट वेळ लागतो. त्या वेळेत कडेचा पास्ता सॉस पिऊन फुगतो आणि चीजमधील प्रथिने आवळली जाऊन तेल बाहेर पडते. म्हणजे वरचा रंग हा पुढचा प्रश्न, भांडे एवढे खोल असेल तर आतला बिघाड त्याआधीच झालेला असतो. शिवाय १६ सेंटिमीटरच्या भांड्यात खरपूस थराचे क्षेत्रफळही निम्मेच मिळते, आणि बहुतेक लोक हा पदार्थ त्या थरासाठीच खातात.

भांडे किती भरले आहे, हेही पाहावे. पास्ता काठाच्या तीन-चार सेंटिमीटर खाली राहिला, तर भांड्याच्या भिंती रॉडची धग अडवतात. मग मध्यभागी रंग येतो आणि कडेने पांढरट कडे उरते. असे कडे दिसले की भांडे या प्रमाणासाठी उंच आहे, असे समजावे. काठापासून एक सेंटिमीटर जागा सोडली की पुरे. त्याहून कमी सोडली, तर उकळणारा सॉस खालच्या रॉडवर सांडतो आणि जळक्या दुधाचा वास पदार्थाला लागतो.

काचेच्या भांड्याबाबत एक सूचना सुरक्षिततेसाठी देणे भाग आहे. ओव्हनसाठीची काच बेकिंगला चालते, पण फ्रीजमधून काढलेले थंड काचेचे भांडे तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवणे किंवा काचेचे भांडे लाल रॉडच्या अगदी जवळ नेणे, या दोन्हींमुळे ते तडकू शकते. ग्रिलच्या टप्प्यासाठी दोन इंच उंचीचा ॲल्युमिनियमचा चौकोनी केक टिन किंवा ओव्हनसाठीचे सिरॅमिक भांडे घ्यावे. टिन स्वस्तही असतो आणि केकचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत सहज मिळतो. सॉस टोमॅटोचा असेल, तर मात्र उघड्या ॲल्युमिनियममध्ये तो ठेवू नये, आंबटपणामुळे धातूची चव उतरते.

थर्मोस्टॅट नेमका नको तेव्हा रॉड बंद करतो

उथळ भांडे घेतले, जाळी वर नेली, वरचा रॉड लावला आणि तरीही रंग आला नाही, असे सांगणारे भेटतात. त्यांच्याकडे बहुधा नॉब १८० किंवा १९० वरच राहिलेला असतो. थर्मोस्टॅटचे काम ओव्हनमधले तापमान ठरलेल्या आकड्यापाशी राखणे एवढेच आहे. बेकिंगचा टप्पा संपलेला असताना ओव्हन त्या आकड्यापर्यंत आधीच तापलेला असतो. त्यामुळे केवळ वरचा रॉड निवडला, तरी थर्मोस्टॅट तो काही सेकंद चालू आणि बराच काळ बंद ठेवतो. आपल्याला वाटते की ग्रिल सुरू आहे, प्रत्यक्षात रॉड काळाच असतो. म्हणून ग्रिल सुरू करताना नॉब शेवटच्या आकड्यावर न्यावा, तो बहुतेक ओटीजींत २३० किंवा २५० असतो.

याचा क्रम असा ठेवावा. बेकिंग झाल्यावर टिन बाहेर काढून ओट्यावर जाडसर लाकडी पाटावर ठेवावा. जाळी वरच्या खाचेत बसवावी, दार लावावे, फक्त वरचा रॉड निवडावा आणि नॉब शेवटपर्यंत फिरवावा. दार उघडल्यामुळे आतली थोडी उष्णता गेलेली असते, तिचा इथे फायदाच होतो, कारण थर्मोस्टॅट रॉड सलग चालू ठेवतो. दोन-तीन मिनिटांत रॉड नारिंगी-लाल झाला की मगच टिन आत सरकवावा. रॉड लाल होण्याआधी टिन आत ठेवला, तर ती दोन-तीन मिनिटे नुसते बेकिंग होण्यात जातात. यानंतर ओव्हनसमोरून हलू नये. रंग यायला लागला की तो सोनेरीवरून तपकिरी आणि तपकिरीवरून काळा एवढा प्रवास दीड-दोन मिनिटांत करतो, टायमरवर तो सोपवता येत नाही. मागची बाजू आधी लाल होत असेल, तर मध्येच टिन फिरवावा. दार किंचित उघडे ठेवावे की बंद, हे आपल्या ओव्हनच्या पुस्तिकेत पाहावे. अनेक कंपन्या दार बंदच ठेवायला सांगतात.

नागपूरच्या उन्हाळ्यात यात एक वेगळी अडचण येते. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी घरोघरी कूलर आणि एसी एकदम चालू असतात तेव्हा काही भागांत व्होल्टेज बरेच खाली येते. रॉडची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले, तर १५०० वॅटचा ओटीजी सुमारे ११३० वॅटचा उरतो. म्हणजे जवळजवळ पाव शक्ती गेली. बेकिंगमध्ये हे फारसे जाणवत नाही, कारण थर्मोस्टॅट रॉड जास्त वेळ चालू ठेवून भरपाई करतो. ग्रिलमध्ये मात्र भरपाईला जागाच नसते. रॉड आधीच सलग चालू असतो आणि तरीही नारिंगी न होता मंद, काळपट लाल राहतो. रॉडचा रंग हीच याची खूण. ओटीजी पातळ वायरच्या एक्स्टेंशन बोर्डवर लावला असेल, तर वायरीतही व्होल्टेज पडते आणि वायर तापण्याचा धोका वेगळाच. तो १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावावा. तेवढ्याने भागले नाही, तर जाळी आणखी एक खाच वर नेऊन पाहावी. कूलरचा झोत थेट ओटीजीवर येत असेल तर तो वळवावा, पातळ पत्र्याच्या छोट्या ओव्हनला त्यानेही फरक पडतो.

नॉबवरच्या आकड्यावर पूर्ण भरवसा ठेवू नये, हेही जाता जाता सांगतो. घरगुती ओटीजीमध्ये नॉब आणि प्रत्यक्ष तापमान यांत २०-२५ अंशांचा फरक असणे नवल नाही. आत ठेवायचा छोटा ओव्हन थर्मामीटर घेतला की ही शंका कायमची मिटते.

भाचीचा पास्ता कसा सावरला

तो पास्ता टाकून देण्याची वेळ आली नव्हती. तिने तो मोठ्या पातेल्यात काढला, मंद आचेवर ठेवून १०० मिलिलिटर गरम दूध हळूहळू मिसळले आणि सॉस पुन्हा सैल केला. फ्रीजमध्ये ठेवलेला पास्ता सॉस पितच राहतो, त्यामुळे एवढे दूध त्याला एरवीही लागलेच असते. पास्ता पातेल्यातच वाफाळता गरम झाल्यामुळे ओव्हनचे पहिले काम जवळजवळ संपले. मग तो २० सेंटिमीटरच्या टिनमध्ये भरून, दोन्ही रॉड लावून, २०० अंशांवर मधल्या जाळीवर १२ मिनिटे ठेवला. कडेने सॉसचे जाड, सावकाश फुटणारे बुडबुडे दिसू लागले तेव्हा तो बाहेर काढला, नवे चीज पसरले आणि वर सांगितल्याप्रमाणे ग्रिल केले. पाच मिनिटांत वर सोनेरी थर आणि त्यात मधूनमधून गडद ठिपके आले. वाढण्यापूर्वी दहा मिनिटे थांबायला तिला सांगावे लागले. लगेच कापला, तर सॉस वाहून जातो आणि वरचा थर घसरतो.

सगळे आधी करून फ्रीजमध्ये ठेवायचे असेल, तर क्रम थोडा बदलतो. सॉस नेहमीपेक्षा पातळ ठेवावा, पास्ता पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन-तीन मिनिटे कमी उकडावा आणि टिन बाहेर काढून अर्धा तास ठेवावा. मेच्या उकाड्यात मात्र याहून जास्त वेळ दुधाचा पदार्थ बाहेर ठेवू नये. टिनवर फॉइल घट्ट लावून १८० अंशांवर २५ ते ३० मिनिटे तापवावा. मध्यभागी सुरी खोचून दहा सेकंदांनी तिचे पाते मनगटाला लावून पाहावे, ते चटका बसण्याइतके गरम हवे. थर्मामीटर असेल, तर मध्यभागी ७५ अंश मिळाले म्हणजे झाले. वरचे चीज फॉइल काढल्यानंतरच घालावे. आधी घातले, तर ते फॉइलला चिकटते, आणि फॉइलखाली साचलेल्या वाफेचे थेंब त्यावर पडून तो सगळा ओलावा ग्रिलमध्ये पुन्हा आटवावा लागतो.

वर कोणते चीज घालावे

प्रोसेस्ड चीजचे क्यूब सॉसमध्ये उत्तम, वर नाही. त्यातील क्षारांमुळे चरबी आणि पाणी घट्ट बांधलेले राहते, म्हणून सॉस गुळगुळीत होतो. पण तोच गुण वरच्या थराला नडतो. त्यावर रबरासारखी साय धरते आणि रंग आला तर डागाडागांनी येतो. नुसते मोझरेला लवचीक असते, खालच्या वाफेने त्याला फुगे येतात आणि त्या फुग्यांचे माथे आधी तपकिरी होतात, म्हणून त्याचा रंग ठिपक्यांचा. चेडर अधिक एकसारखे तांबूस होते, पण एकटे वापरले तर तेल जास्त सोडते. माझा कल दोन भाग मोझरेला आणि एक भाग चेडर असा आहे, आणि २० सेंटिमीटरच्या टिनला एकूण १२० ग्रॅम पुरतात. याहून जाड थर घातला, तर वरचा पापुद्रा तांबूस झाला तरी खाली चिवट गोळा राहतो. पाण्यात ठेवलेले ताजे मोझरेला या कामाला घेऊ नये. तयार किसलेल्या चीजला दाणे चिकटू नयेत म्हणून बहुधा स्टार्च लावलेला असतो, त्यामुळे ते जरा अनिच्छेने वितळते. वेळ असेल तर लादीचे चीज घरी किसावे.

चेडर मिळाले नाही, तर पावाचा चुरा दोन टेबलस्पून वितळलेल्या लोण्यात चोळून चीजवर भुरभुरावा. तो चीजच्या आधी लाल होतो, म्हणून ग्रिलचा वेळ चार मिनिटांच्या आतच ठेवावा. आधीच कुरकुरीत असलेल्या टोस्टचा चुरा घेतला, तर तो करपायला आणखी कमी वेळ लागतो.

उरलेला पास्ता दुसऱ्या दिवशी गरम करताना पुन्हा ग्रिल लावण्याच्या भानगडीत पडू नये. चमचाभर दूध कडेने सोडून, फॉइल झाकून १६० अंशांवर गरम केला तर आतला भाग मऊ राहतो. वरचा थर मात्र कालच्यासारखा कुरकुरीत होत नाही, आणि तो तसा करण्याच्या नादात चीज फक्त तेल सोडते.